पाचाआधीचा एक

फोटोत एक कागद आहे. रेघांच्या वहीतून फाडलेला, कडेला भोकं असलेला. वर 'इसार पावती', खाली गट नंबर, दोन साक्षीदारांच्या सह्या, तिकिटावर आडवी मारलेली एक सही, आणि मध्ये रक्कम: १५,००,०००/-. 'अक्षरी रुपये' या शब्दांपुढची जागा कोरीच. पुरंदर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला हा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. पाठवणारा जमीन घेणारा. सोबत एकच ओळ होती, "तात्या, उरलेले घ्या आन् खरेदीखत करून द्या." तात्यांचं म्हणणं असं, की इसार पाच लाखांचा ठरला आणि पाचच लाख हातात आले. पाचाआधीचा एक त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'खरं-खोटं' हा विषय दिला, तेव्हा मी डीपफेकच्या मागे न जाता या पावतीच्या मागे गेले. आपल्याकडच्या बहुतेक माणसांची संशयास्पद चित्राशी गाठ पडते ती अशीच. पावती, सही, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, नाहीतर कुणाच्या तरी शेजारी कुणाला तरी उभं केलेला फोटो. प्रकरण अजून कोर्टात असल्यामुळे ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. कागदाचा प्रवास मात्र जसा घडला तसाच सांगते.

चमकणारा आकडा

तात्यांचा भाचा हडपसरला एका कंपनीत आहे. कॉम्प्युटरचं कळणारा घरातला तो एकटा, म्हणून फोटो त्याच्याकडे गेला. आकडा नीट दिसावा म्हणून त्याने आधी उजेड वाढवला, बाजू छाटल्या आणि 'सेव्ह' केलं. मग इंटरनेटवरच्या एका फुकट साधनात तो फोटो टाकला. पडद्यावर जवळजवळ काळं चित्र उमटलं आणि त्या काळ्यात '१५' पांढरा चमकत होता. भाच्याने ते चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं, ग्रुपवरून ते गावात गेलं. पुढे जमीन घेणाऱ्याची नोटीस आली तिच्या उत्तरातही हेच गेलं, की फोटो संगणकावर बदललेला आहे.

त्या साधनाच्या तंत्राला एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस म्हणतात. फोनमधला नेहमीचा फोटो जेपेग प्रकारचा असतो. जागा वाचवण्यासाठी जेपेग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील थोडा थोडा टाकून देतं. हे साधन फोटो पुन्हा एकदा ठरावीक दर्जाने जतन करतं आणि आधीच्या व नंतरच्या चित्रात कुठे किती फरक पडला ते उजेडाच्या रूपात दाखवतं. कल्पना अशी, की नंतर चिकटवलेला भाग उरलेल्या चित्राइतक्या वेळा दाबला गेलेला नसतो, म्हणून त्यात फरक जास्त पडतो आणि तो उजळ दिसतो.

अडचण ही, की पांढऱ्या कागदावर निळ्या शाईची रेघ जिथे जिथे आहे तिथेही फरक जास्तच पडतो. ठळक कडा चमकणार आणि कोरी जागा काळी राहणार, कुणी काही चिकटवलेलं असो वा नसो. पुण्यातल्या ज्या तज्ज्ञांकडे हे प्रकरण पुढे आलं, ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी भाच्याचंच चित्र मला मोठं करून दाखवलं. '१५' चमकत होता. पण तितकीच तिकिटावरची सहीही चमकत होती, गट नंबरही आणि 'इसार पावती' हे शब्दही. "सगळा कागदच चमकतोय," ते म्हणाले. "ह्यांनी फक्त जिथे बघायचं होतं तिथे बघितलं."

बावीस ठिपके

फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला बारा मेगापिक्सेलचा फोटो चार हजार बाय तीन हजार ठिपक्यांचा असतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा, म्हणजे फोटो म्हणून पाठवला, की लांब बाजू साधारण सोळाशे ठिपक्यांवर येते. चित्र पुन्हा दाबलं जातं, आणि कोणत्या फोनने, किती वाजता, कोणत्या सेटिंगवर काढला ही फाइलच्या पोटातली माहिती गळून पडते. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं हे.

तज्ज्ञांनी टेबलावर कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. पावतीचा कागद फोटोच्या रुंदीत जवळजवळ मावला होता. कागद एकवीस सेंटिमीटर धरला, तर मूळ फोटोत एका सेंटिमीटरला साधारण एकशे चाळीस ठिपके पडतात. हाताने लिहिलेला आकडा चार मिलिमीटर रुंद धरा, की झाले पंचावन्न-छप्पन्न ठिपके. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रतीत त्याच आकड्याला उरतात बावीस. म्हणजे आठाचे तीन चौकोनही भरत नाहीत.

कॅमेऱ्याच्या सेन्सरचा सूक्ष्म खरखरीतपणा चित्रभर सारखा आहे का, चौकोनांची जाळी कुठे सरकली आहे का, एखादा तुकडा दुसरीकडून उचलून बसवला आहे का, या तपासण्या तज्ज्ञ करतात. पण त्यासाठी हाताशी ठिपके हवेत. बावीस ठिपक्यांत, तेही दोनदा दाबलेल्या, यातलं फारसं काही उरत नाही. त्यात भाच्याने उजेड वाढवून तिसऱ्यांदा जतन केलेली प्रत तपासायची म्हणजे त्याचाच हात तपासायचा. त्या प्रतीवर तज्ज्ञांनी लेखी दिलं, की मत देता येत नाही. घरच्यांना वाटलं, फी फुकट गेली. खरं तर या प्रकरणात कुणीतरी दिलेलं हे पहिलं प्रामाणिक उत्तर होतं.

गाझातल्या गल्लीतला फोटो

हा घोळ फक्त हडपसरच्या भाच्याचा नाही, जगातल्या नामांकित फोटोवरही तो होऊन गेला आहे. स्वीडनचे छायाचित्रकार पॉल हान्सन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये गाझात काढलेला, मुलांचे मृतदेह उचलून अरुंद गल्लीतून निघालेल्या माणसांचा फोटो पुढच्या वर्षी 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा सर्वोच्च मानकरी ठरला. मे २०१३ मध्ये नील क्रॉवेट्झ या संगणकतज्ज्ञाने तो अनेक फोटो जोडून केल्याचा दावा केला. आधाराला होतं तेच एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस, शिवाय फाइलमधल्या नोंदी आणि सावल्यांचा हिशेब. हे तंत्र पुढे आणणारे क्रॉवेट्झच, तेव्हा त्यांना अडाणी म्हणायची सोय नाही. पण त्यांच्यासमोर होती ती प्रसिद्ध झालेली जेपेग प्रत.

हान्सन यांनी कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल संस्थेला दिली. हानी फरीद यांच्यासह तिघा तज्ज्ञांनी ती आणि छापलेली प्रत शेजारी शेजारी ठेवून पाहिली. निष्कर्ष असा निघाला, की रंग आणि उजेड-अंधार बराच फिरवला आहे, काही ठिकाणी मुद्दाम, पण त्यापलीकडे जोडकामाचा पुरावा नाही. पुरस्कार कायम राहिला. उजेड इतका फिरवावा का, हा वाद करायचा तर जरूर करावा, तो वेगळा. माझा मुद्दा एवढाच, की निकाल लागला तो मूळ फाइल कुणीतरी जपून ठेवली होती म्हणून. ती पुसली गेली असती, तर फरीद यांनाही जेपेगवरच वाद घालत बसावं लागलं असतं.

आपण कुठवर बघावं

म्हणजे स्वतः काहीच पाहू नये असं नाही. गुगल लेन्स किंवा टिनआयवर फोटो टाकला आणि तोच फोटो चार वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच गावच्या बातमीत सापडला, तर विषय तिथेच मिटतो. पुराच्या म्हणून आलेल्या फोटोतल्या दुकानाची पाटी भलत्याच भाषेत असली, गाडीचा नंबर भलत्याच राज्याचा असला, ज्या समारंभाचा म्हणतात तो त्या तारखेला झालाच नसला, हे शोधायला तज्ज्ञ लागत नाही. ही उत्तरं चित्राच्या बाहेर मिळतात आणि ती कुणालाही पुन्हा पडताळून बघता येतात.

माझ्या लेखी सीमा इथे आहे. बाहेर शोधून काही हाती लागलं नाही आणि आता सगळा निवाडा चित्राच्या आतल्या ठिपक्यांवरच करायचा आहे, असं झालं की थांबावं. आणि समोर जमीन, नोकरी, अब्रू किंवा फिर्याद असेल, म्हणजे आपण जे म्हणू ते खोडायला समोरचा वकील देणार असेल, तर त्याच्याही आधी थांबावं. तुमच्या डोळ्यांना खोटं दिसणं हा पुरावा नाही, आणि खरं दिसणं हाही नाही.

फोटो खरा, कागदाचं काय?

तज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारला होता, जो तोवर घरात कुणाला सुचला नव्हता. "तुमचं म्हणणं काय आहे? फोटोत एक घातलाय, की कागदावर एक घातलाय आणि त्याचा सरळ फोटो काढलाय?"

या दोन प्रश्नांना दोन वेगळी माणसं लागतात. पहिला प्रश्न डिजिटल चित्र तपासणाऱ्याचा. दुसरा दस्तऐवज तपासणाऱ्याचा, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे हस्ताक्षर तज्ज्ञ म्हणतात. त्याला फोटो नको असतो, कागदच हवा असतो. साध्या उजेडात सारख्या दिसणाऱ्या दोन निळ्या शाया अवरक्त किरणांखाली वेगळ्या वागू शकतात, एक काळी राहते तर दुसरी जवळजवळ दिसेनाशी होते. पेनाने कागद किती दाबला गेला, एक रेघ दुसरीच्या वर आहे की खाली, हेही तो पाहतो. यातलं काहीही फोटोत उतरत नाही.

जमीन घेणाऱ्याने पुढे करारपूर्तीचा दावा लावला, त्यात मूळ पावती दाखल झाली. तात्यांच्या वकीलबाईंनी अर्ज करून ती तपासणीला पाठवली. अहवाल असा आला, की एकाची शाई बाकीच्या पावतीच्या शाईपेक्षा वेगळी आहे. संशय बरोबर होता, कारण चुकीचं होतं. फोटोला कुणी हात लावलेला नव्हता, हात लावला होता तो कागदाला.

घरात त्या दिवशी आनंद झाला, पण वकीलबाईंना झाला नाही. समोरच्या वकिलाने लगेच नोटिशीचं जुनं उत्तर काढून दाखवलं. आधी म्हणता फोटो बदलला, आता म्हणता कागद बदलला, उद्या काय म्हणाल? शिवाय त्याच्या अशिलाने नवीच कथा मांडली, की दहा लाख नंतर दिले आणि तो एक तात्यांच्या समोरच दुसऱ्या पेनाने घातला. शाई वेगळी आहे एवढंच अहवाल सांगतो. तो एक कुणी घातला आणि कुणाच्या संमतीने, हे त्यात नाही. ते आता साक्षीदारांच्या उलटतपासणीत निघेल. भाच्याचं चमकतं चित्र ग्रुपवर गेलं नसतं, तर निदान पहिला फटका तरी वाचला असता.

आधी काय जपायचं

भाच्याची प्रत निकामी ठरली तरी तात्यांच्या फोनमधला मूळ संदेश शाबूत होता. कारण एवढंच, की तात्यांना फोटोची छाटणी करता येत नाही. अशा वेळी काय करायचं हे मी वकीलबाई आणि तज्ज्ञ दोघांनाही विचारलं. दोघांनीही सुरुवात एकाच गोष्टीने केली: समोरच्याला आधी काही बोलू नका. 'हा खोटा आहे' असं कळवलं, की तो संदेश सगळ्यांसाठी पुसून टाकू शकतो. व्हॉट्सअ‍ॅप त्यासाठी दोन दिवसांहून थोडी जास्त मुदत देतं. आणि ज्या फोनने फोटो काढला तो फोनही नेमका त्याच आठवड्यात हरवतो.

मग संदेश जिथे आला तिथे तो तसाच राहील याची तजवीज करायची. गायब होणारे संदेश चालू असतील, तर ती सोय बंद करून भागत नाही. आधी आलेल्या संदेशांची मुदत चालूच राहते, म्हणून तो संदेश जपून ठेवण्याची खूण त्याच्यावर करावी लागते. स्क्रीनशॉट जरूर घ्यावेत, पण ते कशासाठी हे लक्षात ठेवून. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ आणि मागचंपुढचं बोलणं दिसतं. फाइल मात्र त्यात नसते. नाव सेव्ह केलेलं असेल तर संपर्क उघडून नंबर दिसेल असा एक वेगळा घ्यायचा, कारण नाव आपण काहीही ठेवू शकतो.

फाइल वेगळी उचलायची. अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडला, की ती सहसा या फोल्डरमध्ये सापडते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images
```

तिथून सरळ कॉपी करायची. गॅलरीत उघडून 'एडिट' करायचं नाही, नावही बदलायचं नाही. `IMG-20241012-WA0007.jpg` अशा नावातही तारखेचा एक धागा असतो. वकिलाला पाठवायची तर फोटो म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ती पुन्हा दाबली जात नाही. आणि कॉपी झाल्या झाल्या तिचा हॅश काढून ठेवायचा. विंडोजवर त्यासाठी वेगळं काही लागत नाही:

```
certutil -hashfile IMG-20241012-WA0007.jpg SHA256
```

पडद्यावर चौसष्ट अक्षर-अंकांची एक ओळ येते. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी होते. ती वहीत उतरवायची, सोबत तारीख, वेळ, कुणाच्या फोनवरून कुणी घेतली हेही. यात एक गैरसमज फार आहे. हॅश जुळला म्हणजे फोटो खरा असं नव्हे. हॅश काढल्यापासून फाइलला कुणी हात लावलेला नाही, एवढंच तो सांगतो. खोट्या फोटोचाही हॅश व्यवस्थित जुळतो.

आणि फोन विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही. वकीलबाईंनी तात्यांचा फोन बंद करून कपाटात ठेवायला सांगितलं आणि त्यांना दुसरा साधा फोन घ्यायला लावला. तात्या अजून त्याबद्दल कुरकुरतात.

जालन्याचा धडा

मूळ उपकरणाचा एवढा आग्रह कशाला, याचं उत्तर जालन्यातल्या एका निवडणुकीत आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी तक्रार केली, की खोतकरांचा अर्ज वेळ उलटून गेल्यावर दाखल झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण त्यासोबत कायद्याला लागणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२० मध्ये न्या. नरिमन यांच्या पीठाने नियम पक्का केला: इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. पण मूळ उपकरणच कोर्टात आणलं आणि त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून ते आपलं असल्याचं शाबीत केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

म्हणजे तात्यांचा कपाटातला फोन ही मूळ वस्तू, आणि त्यातून काढलेला प्रिंट ही प्रत. जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश लिहावा लागतो. वहीत उतरवलेली ती चौसष्ट अक्षरं तिथे कामाला येतात.

जे जपायचं नाही

एका प्रकारच्या चित्राला वरचं काहीही लागू नाही. चित्रात लहान मुलाचं लैंगिक शोषण असेल किंवा तसं वाटत असेल, तर कॉपी नाही, हॅश नाही, वकिलाला 'बघा जरा' म्हणून पाठवणं तर नाहीच. असं चित्र जवळ बाळगणं आणि पुढे पाठवणं यावरच पोक्सो कायद्यात कारवाई होऊ शकते, आणि माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं हे कायद्याने बंधनकारक आहे. कुठून आलं, कोणता नंबर, किती वाजता एवढं लिहून घ्यायचं आणि थेट पोलिस ठाणे किंवा `cybercrime.gov.in` गाठायचं. खरं की बनावट हे ठरवणं तिथे आपलं कामच नाही.

प्रौढ स्त्रीचा मॉर्फ केलेला फोटो असेल तर ज्या पानावर तो आहे त्याचा पूर्ण पत्ता, खात्याचं नाव आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आधी घ्यायचा, मग काढून टाकण्याची तक्रार करायची. हा क्रम उलटा झाला, तर फोटो जातो आणि त्याच्यासोबत तो कुणी टाकला याचा मागही जातो.

प्रश्न लिहून न्या

निघताना तज्ज्ञांनी मला दोन पत्रं शेजारी ठेवून दाखवली, नावं झाकून. एकात लिहिलं होतं, 'सोबतचा फोटो खरा आहे की खोटा ते कळवावे.' दुसरं तात्यांच्या वकीलबाईंचं होतं. त्यात विचारलं होतं, की रकमेच्या जागेवरचा पहिला आकडा चित्रात नंतर घातल्याच्या खुणा आहेत का, सोबत दिलेल्या प्रतीवरून असं मत देता येतं का, आणि येत नसेल तर त्यासाठी कोणती वस्तू लागेल. पहिल्या पत्राला कितीही मेहनत घेतली तरी चार ओळींचं गुळमुळीत उत्तर जातं, असं ते म्हणाले. दुसऱ्या पत्रातल्या तिसऱ्या प्रश्नामुळे मूळ पावतीच्या तपासणीचा अर्ज झाला.

सरकारी प्रयोगशाळेत, मग ती कलिन्याची असो की पुण्याची, असं पत्र आपण हातात घेऊन जाऊ शकत नाही. तिथे नमुना जातो तो पोलिसांमार्फत किंवा कोर्टाच्या आदेशाने. पोलिसांनी फोन ताब्यात घेतला, तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय नंबर आला आहे का ते वाचून मगच सही करा. तो नंबर आधीच `*#06#` दाबून लिहून ठेवता येतो.